योनावर उपदेश करायचाय, पण चुलत्याच्या पाड्यावर जायचं नाही

*नाना, प्रभूमध्ये सलाम. मी नवापूर तालुक्यात आश्रमशाळेत शिक्षक आहे. पुढच्या महिन्यात आमचे पाळक बाहेरगावी असतील, म्हणून एका रविवारचा उपदेश त्यांनी माझ्यावर सोपवलाय. विषयही त्यांनीच दिला: योना, आणि तो 'पाचारण टाळणाऱ्यांसाठी'. अडचण अशी की टाळणाऱ्यांत पहिला नंबर माझाच. चुलत्यांच्या पाड्यावर मुलांचा संध्याकाळचा वर्ग घ्या म्हणून पंच वर्षभर मागे लागलेत. रस्ता खराब आहे, शाळेची कामं संपत नाहीत, मला शुगरही आहे. (बांधाच्या भांडणात चुलत्यांनी वडिलांना कोर्टाच्या पायऱ्या झिजवायला लावल्या होत्या, पण ते आता जुनं झालं.) माझ्यासारख्याने योना कोणत्या तोंडाने सांगावा? आणि वीस-पंचवीस मिनिटांचा उपदेश बांधावा कसा?*

भाऊ, सलाम.

रस्ता, शाळा आणि शुगर तुम्ही उघड्यावर मांडलीत आणि चुलत्यांना कंसात बसवलंत. योनाचं पुस्तक अगदी याच पद्धतीने लिहिलेलं आहे. तो का पळाला हे पहिल्या अध्यायात कुठेही नाही. ते कळायला चौथा अध्याय यावा लागतो, म्हणजे पळणं, वादळ, मासा, निनवे सगळं उरकल्यावर. बहुतेक उपदेश दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी, माशाने योनाला कोरड्या जमिनीवर टाकलं की संपतात. म्हणून आपल्या मंडळ्यांना योना पाठ असतो, पण तो का पळाला असं विचारलं तर दहापैकी नऊ जण 'घाबरला म्हणून' असं सांगतात. तुमचा उपदेश या एका उत्तराभोवती बांधा. बाकीचं आपोआप जागेवर बसेल.

आधी तो किती गप्प आहे ते बघा. देवाने मोशेला मिसरात जायला सांगितलं तेव्हा मोशेने एकामागून एक सबबी काढल्या: मी कोण, ते माझं ऐकणार नाहीत, माझी जीभ जड आहे, आणि शेवटी सरळच, दुसऱ्या कुणाला तरी पाठव. यिर्मया म्हणाला, मी अजून पोर आहे. गिदोनाने खुणा मागितल्या. हे सगळे देवाच्या तोंडावर कुरकुरले, आणि देवाने त्यांना उत्तरं दिली. मोशेवर तो रागावला खरा, पण त्याच रागात त्याने बोलायला अहरोनही दिला. योना मात्र एक शब्द बोलत नाही. ऊठ, निनवेला जा, असं वचन येतं, तो उठतो, याफोच्या बंदरावर जातो, भाडं मोजतो आणि तार्शीशच्या जहाजात बसतो. निनवे पूर्वेकडे, खुष्कीच्या वाटेने, आजच्या इराकमधल्या मोसूलजवळ. तार्शीश बरोबर उलट दिशेला. बहुतेक अभ्यासक ते स्पेनच्या किनाऱ्याकडे दाखवतात. तुमच्या लोकांना दिशा कळायला हवी असेल तर सांगा, भुसावळ स्टेशनवर उभ्या माणसाला नागपूरला जा म्हटलं आणि तो तिकीट काढून सुरतेच्या गाडीत चढला. ती गाडी नवापूरवरूनच जाते, त्यामुळे कुणी विसरणार नाही.

ज्याला भीती वाटते तो बहुधा बोलतो. वाद घालतो, सवलत मागतो, सोबत मागतो. गप्पपणे तिकीट काढणाऱ्याचं कारण वेगळं असतं, आणि ते त्याला उच्चारायचं नसतं.

आता हा योना कोण, तेही थोडक्यात सांगा, कारण मंडळीत हे फार कमी जणांना माहीत असतं. २ राजे १४:२५ मध्ये त्याचं नाव येतं. अमित्तयाचा मुलगा, गालीलातल्या गथ-हेफेर गावचा, इस्राएलाच्या यराबाम दुसरा या राजाच्या काळातला, म्हणजे इ.स.पू. आठव्या शतकातला. तिथे त्याचं भाकीत काय आहे? इस्राएलाच्या गेलेल्या सीमा परत मिळतील. आणि त्या मिळाल्याही. म्हणजे हा माणूस लाजाळू नव्हता, नवखाही नव्हता. देवाचा निरोप पोचवायचं काम त्याने आधी केलेलं होतं, आणि तो निरोप गावाला आवडणारा होता. आपल्या हद्दी वाढणार हे सांगायला कुणाला जड जाईल? बांधावरून हयात घालवणाऱ्या आपल्या माणसांना हे तर लगेच समजेल. अडलं ते दुसऱ्या कामाला, कारण या वेळचा निरोप हद्दीपलीकडच्या लोकांसाठी होता.

आणि ते लोक साधे परके नव्हते. निनवे म्हणजे अश्शूर. याच अश्शूरने इ.स.पू. ७२२ च्या सुमारास शोमरोन पाडलं आणि उत्तरेकडचं राज्य संपवलं. इ.स.पू. ७०१ मध्ये सन्हेरीब राजाने यहूदातलं लाखीश घेतलं, आणि त्या विजयाची चित्रं निनवेतल्या आपल्या महालाच्या भिंतींवर दगडात कोरून घेतली: सुळावर चढवलेली माणसं, बैलगाड्यांवर सामान लादून बायकापोरांसह हाकलली गेलेली कुटुंबं. ते दगड आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. या घटना योनाच्या काळानंतरच्या, हे ध्यानात असू द्या आणि मंडळीतही तसंच सांगा. पण ज्यांनी हे पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या वाचलं त्यांच्या कानांना 'निनवे' हा शब्द ऐकताना हे सगळं ऐकू येत होतं. जुन्या करारात नहूमाचं एक छोटं पुस्तक आहे, ते सबंध निनवेच्या नाशावर आहे आणि त्यात त्या नाशाचा आनंद लपवलेला नाही. योनाला जिथे पाठवलं ते गाव असं होतं.

म्हणून आता ४:२ उघडा. निनवे पश्चात्ताप करते, देव अरिष्ट मागे घेतो, आणि संदेष्टा भडकतो. तो देवाला जे म्हणतो त्याचा आशय असा: मी माझ्या देशात होतो तेव्हाच हे म्हणत नव्हतो का? म्हणूनच तर मी तार्शीशला पळालो. मला ठाऊक होतं, तू दयाळू, मंदक्रोध, तू यांना सोडून देशील. देवाच्या दयेचे हे शब्द त्याने स्वतः जुळवलेले नाहीत. ते निर्गम ३४:६ चे आहेत, सीनाय डोंगरावरचे, वासरू करून पूजलेल्या इस्राएलाला जीवदान मिळालं तेव्हाचे. स्वतःच्या लोकांना ज्या दयेने वाचवलं, तीच दया तो तक्रार म्हणून देवाच्या तोंडावर फेकतो. निनवेच्या लोकांनी आपल्याला मारलं तर, ही त्याची काळजी कुठेच दिसत नाही. त्याला घोर होता तो ते वाचले तर याचा.

आता बांधणीचं सांगतो. चारही अध्याय मिळून ४८ वचनं आहेत. सावकाश वाचूनही दहा मिनिटं लागत नाहीत. तेव्हा सगळं पुस्तक वाचून घ्या, पण एका दमात नको. यहुदी लोक प्रायश्चित्ताच्या दिवशी दुपारनंतर सबंध योना वाचतात, तेव्हा पूर्ण वाचण्याची चाल जुनी आहे. पहिला अध्याय एका तरुणाकडून वाचून घ्या, तिसरा एखाद्या बाईंकडून. दुसऱ्यातली प्रार्थना दोन वाक्यांत सांगून पुढे जा. तिसरा संपला की वाचन थांबवा आणि मंडळीला विचारा, हा माणूस का पळाला होता? दोघातिघांना बोलू द्या. आश्रमशाळेत रोज वर्ग घेणाऱ्याला हे जमेल, पुलपिटवरून बोलणाऱ्या पाळकाला कदाचित जमणार नाही. 'भीती', 'आळस', 'अविश्वास' अशी उत्तरं येतील. कुणालाही चूक म्हणू नका. मग चौथ्या अध्यायाची पहिली तीन वचनं तुम्ही स्वतः वाचा. नंतर जी शांतता पडेल ती अर्धा मिनिट तशीच राहू द्या. उपदेशाचा निम्मा भार त्या अर्ध्या मिनिटाने उचललेला असेल.

पहिल्या अध्यायात वेळ घालवायचा तो जहाजावर. इथे पुस्तक फार रंगतदार आहे आणि थोडं खट्याळही. वादळ सुटतं, परक्या देवांना मानणारे खलाशी आपापल्या देवाचा धावा करतात, जहाज हलकं करायला माल समुद्रात फेकतात, आणि खऱ्या देवाचा एकुलता संदेष्टा खाली तळाशी गाढ झोपलेला असतो. कप्तानाला त्याला उठवावं लागतं. तुमच्याकडच्या आजीबाईंना हे अहिराणीत ऐकवा, 'ऊठ रे भो, जपी काय राहिना!' हशा पिकेल आणि तो पिकू द्या, पुस्तकालाही तेच हवंय. चिठ्ठी योनाच्या नावावर निघते, तो कबूल करतो, मला समुद्रात टाका म्हणतो. आणि ते टाकत नाहीत! जीव तोडून वल्ही मारतात, किनारा गाठायला बघतात. निनवेच्या सगळ्या शहराचा जीव गेला तरी ज्याला चालणार होतं, अशा एका माणसाचा जीव वाचवायला ते अनोळखी लोक वल्ही मारतात. हे वाक्य मी वर्षानुवर्षं उपदेशात सांगत आलोय, तुम्हीही खुशाल वापरा.

इथला दुसरा मुद्दा तितकाच खणखणीत आहे. वादळ योनामुळे आलं, पण माल कुणाचा बुडाला? खलाशांचा आणि व्यापाऱ्यांचा. टाळलेल्या कामाचा खर्च बहुधा टाळणाऱ्याच्या खिशातून जात नाही. त्याने फक्त स्वतःचं भाडं भरलेलं असतं. एखादी शिकलेली नर्स गावातल्या उपकेंद्रावर यायचं टाळते तेव्हा किंमत तिच्या पगारातून कापली जात नाही, रात्री जीपमध्ये बाळंत होणारी बाई ती मोजते. असं एकच उदाहरण द्या, मंडळीतल्या कुणाला लागू पडेल असं नको, आणि पुढे चला.

माशावर मात्र अडकू नका. सबंध पुस्तकात मासा तीन वचनांत येतो: १:१७, २:१ आणि २:१०. तरी तो प्रत्येक उपदेश गिळतो. मासा होता की देवमासा, आत श्वास कसा घेतला, हे कुणीतरी विचारणारच. उपासनेनंतर चहाच्या वेळी बोलू म्हणा. प्रभू येशूने मत्तय १२ मध्ये योनाच्या तीन दिवसांची खूण सांगितली आहे, तेही खरं, पण तो पुनरुत्थानाचा विषय आहे आणि ईस्टरला शोभेल. तुम्हाला दिलेला विषय पळण्याचा आहे.

एक धोका मोठा आहे, तो जरा सविस्तर सांगतो. योनावरचा सगळ्यात सोपा उपदेश असा असतो: देवाची आज्ञा मोडलीत तर वादळ येईल. ऐकायला जोरदार वाटतो आणि मंडळी जाताना हातही मिळवते. पण खालच्या बाकांवर बसलेलं कोण? ज्याचा कापूस पावसाने काळा पडला तो. जिचा मुलगा मोटारसायकलवरून गेला ती. तिच्या कानात तुमचं वाक्य असं शिरतं, मी देवाचं काही ऐकलं नाही म्हणून माझा मुलगा गेला. ईयोबाच्या मित्रांनी हेच केलं होतं आणि देवाने शेवटी त्यांनाच झापलं. पुस्तकाचाही या उपदेशाला आधार नाही. त्या जहाजावर एक सोडून सगळे निर्दोष होते आणि वादळाचा तडाखा सगळ्यांनाच बसला. तेव्हा वादळावरून कुणाचा दोष ओळखायला जाऊ नका, आणि 'तुमच्या आयुष्यातलं वादळ' हे शब्द त्या दिवशी उच्चारूच नका.

तिसऱ्या अध्यायात दोन गोष्टी बघण्याजोग्या आहेत. पहिली, वचन दुसऱ्यांदा येतं तेव्हा त्यात एकही टोमणा नाही. पळून गेलास ना, आता कळलं ना, असलं काही नाही. तीच आज्ञा, जवळपास त्याच शब्दांत. दुसरी, योनाने ते काम किती अनिच्छेने उरकलं. शहर तीन दिवसांच्या वाटेचं, हा एक दिवसाची वाट चालला. निरोप एका वाक्याचा, चाळीस दिवसांनी निनवेचा नाश होईल. मूळ हिब्रूत ते पाच शब्द आहेत. पश्चात्ताप करा असं तो म्हणत नाही, वाचायची वाट दाखवत नाही, देवाचं नावसुद्धा घेत नाही. संदेष्ट्यांच्या भाषणांत याहून काटकसरीचं भाषण मला तरी ठाऊक नाही. आणि त्यावर सगळं शहर उठतं, राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसतो, गाईगुरांनासुद्धा गोणपाट नेसवतात. पोळ्याला झूल घालून मिरवलेले बैल ज्यांनी पाहिलेत त्यांनी गोणपाट नेसलेले बैल डोळ्यांसमोर आणावेत.

हे तुमच्यासारख्यांना फार उपयोगी आहे. मनातला राग निवळल्यावर काम सुरू करीन, असं आपण म्हणतो. योनाचा राग निवळला नव्हता. काम झाल्यावर तो उलट वाढला. तरी काम झालं, कारण ते योनाच्या मनावर अवलंबून नव्हतं. देवाने त्याचं मन नंतर हाती घेतलं, शहराबाहेर, उन्हात बसवून.

तो उन्हाचा प्रसंग आपल्या खान्देशात जसा समजेल तसा कोकणात समजणार नाही. योना शहराच्या पूर्वेला जाऊन मांडव घालतो आणि काय होतंय ते बघत बसतो. अजून आशा सोडलेली नाही, कदाचित जळेलच. देव एका रात्रीत एक झाड वाढवतो, पुष्कळ अभ्यासकांच्या मते आपल्या शेताच्या कडेला असतो तो एरंड. सावली मिळते, योना खूश होतो. सबंध पुस्तकात तो खूश झालेला फक्त इथे. पहाटे एक कीड झाड खाते, मग पूर्वेचा तापलेला वारा सुटतो आणि ऊन डोक्यावर येतं. मे महिन्यात दुपारी जळगाव स्टँडवर गाडीची वाट बघितलेल्याला यापुढचं समजावून सांगायला नको: योना म्हणतो, मला मरण बरं. त्यावर देव विचारतो, ज्या झाडाला तू पाणी घातलं नाहीस, वाढवलं नाहीस, त्याची तुला एवढी हळहळ; मग त्या मोठ्या निनवेची मी हळहळ करू नये का? तिथे १ लाख २० हजारांहून अधिक माणसं आहेत, ज्यांना उजवा-डावा हात कळत नाही, आणि पुष्कळ गुरंढोरं.

उजवा-डावा न कळणारे म्हणजे लेकरं, असं पुष्कळ भाष्यकार म्हणतात. काहींना त्यात अजाण प्रजा सगळीच दिसते. तुम्ही लेकरं धरून सांगा, अर्थाला बाध येत नाही. पुस्तक या प्रश्नावर थांबतं. योनाचं उत्तर लिहिलेलं नाही. उपदेशकाला इथे मोह होतो, योना शेवटी सुधारला असं काहीतरी जोडण्याचा. जोडू नका. प्रश्न वाचा आणि बसा. गीत सुरू करणाऱ्या भावाला आधी सांगून ठेवा की लगेच पेटीवर हात टाकायचा नाही.

आता तुमचं वैयक्तिक. पण त्याआधी एक फरक करू, नाहीतर माझ्या उत्तराने तुम्हाला विनाकारण टोचणी लागेल. पळणारा प्रत्येक जण योना नसतो. १ राजे १९ मध्ये एलीया ईजबेल राणीच्या भयाने रानात पळतो, झाडाखाली पडतो आणि तोही मरण मागतो. देव त्याला विचारतो, इथे काय करतोस? पण हा प्रश्न आधी येत नाही, बऱ्याच नंतर येतो. आधी देवदूत त्याला भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून पुन्हा खाऊ घालतो. दमलेल्याला देव आधी जेवू घालतो. म्हणून तुम्ही खरोखर थकलेले असाल, शुगर चढ-उतार करत असेल, अंधारात त्या रस्त्यावर गाडी चालवणं धोक्याचं असेल, तर आधी त्याचा बंदोबस्त करायचा: डॉक्टर, औषध, वर्ग संध्याकाळऐवजी रविवारी दुपारी. चुलत्यांकडून मारहाणीची भीती असेल तर न जाणं हा शहाणपणा आहे, आणि पंचांनीच तिथे दुसरा माणूस पाठवायला हवा. शिवाय पंचांचं सांगणं म्हणजे दर वेळी देवाचं पाचारण, असंही नाही. मंडळीत 'होय' म्हणणाऱ्या एका शिक्षकावर सगळी कामं लोटायची खोड असते, हे मी पंचांत बसून बघितलेलं आहे.

ओळखायचं कसं, तर अडचणी एकेक करून मनातल्या मनात काढून टाका. समजा रस्ता डांबरी झाला. शाळेने कामं कमी केली. शुगर ताब्यात आली. पण वर्ग चुलत्यांच्याच पाड्यावर आहे. जाल? तरीही तुम्ही 'बघू' म्हणालात, तर अडचण रस्त्याची नाही. आता उलट करा: रस्ता तसाच खड्ड्यांचा, शुगर तशीच, पण वर्ग पलीकडच्या पाड्यावर. तरीही जाल? माझा अंदाज, जाल. मग तुम्ही एलीया नाही, तुम्ही चौथ्या अध्यायात आहात. आणि तिथेही तुम्हाला भीती चुलत्यांची नसावी. त्यांची नातवंडं तुमच्या हाताखाली शिकून शहाणी झाली, चुलत्यांचं घर वर आलं, वडिलांनी कोर्टात घातलेली वर्षं तशीच वाऱ्यावर गेली, हे बघवणार नाही, असं काहीतरी असेल. चुकत असेन तर कळवा.

ते जुनं झालं असं मला लिहू नका. देवाला तर नकोच. मोशे बोलला, यिर्मया बोलला, आणि देवाने त्यांचं ऐकून घेतलं. योनाशी देवाचं खरं बोलणं सुरू झालं तेही त्याने रागाने तोंड उघडल्यावरच. कंसातलं वाक्य प्रार्थनेत कंसाबाहेर आणा, वडिलांचं नाव घेऊन, कोर्टाच्या तारखा आठवून. सौम्य भाषा वापरायची गरज नाही. योनाने वापरली नव्हती.

आणि त्या पाड्यावरची मुलं. बांध कोरला गेला तेव्हा त्यातली बहुतेक जन्मलीही नसतील. त्यांना उजवा-डावा शिकवायला मास्तर हवा आहे. चुलत्यांना माफ केल्याशिवाय तिथे जाता येणार नाही असं तुम्हाला वाटत असेल, तर तशी अट पुस्तकात नाही. चुलत्यांच्या घरी चहा घ्यायची सक्ती नाही. वर्ग शाळेच्या खोलीत किंवा समाजमंदिरात घ्या, आठवड्यातून एकदा, तासभर, उजेड असताना, आणि पंचांकडून एक तरुण सोबतीला मागून घ्या. राग बरोबर आला तर येऊ द्या. फक्त तो मुलांपुढे काढायचा नाही, आणि चुलत्यांच्या नातवाला इतरांहून कमी किंवा जास्त वागणूक द्यायची नाही. तीन महिन्यांनी पंचांपुढे बसून ठरवा, पुढे चालवायचं की दुसऱ्याकडे द्यायचं.

उपदेशात मात्र यातलं काही सांगू नका. तुमच्या मंडळीत चुलत्यांकडचं कुणीतरी बसलेलं असणार, आणि तुम्ही नाव न घेता 'माझंही एक निनवे आहे' म्हणालात की सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळतील. कबुली तुमची आणि शरम त्याची, हे बरं नाही. त्यापेक्षा त्या रविवारच्या आधीच पंचांना उत्तर देऊन टाका. हो म्हणायचं तर दिवस आणि वेळ ठरवून हो म्हणा. नाही म्हणायचं तर मोशेसारखं समोर बसून, खरं कारण सांगून नाही म्हणा, म्हणजे त्यांना दुसरा शिक्षक शोधता येईल आणि मुलांचं आणखी एक वर्ष तुमच्या 'बघू' मध्ये जाणार नाही.